सेन्सर गप्प का झाला?

जर्मनीत लायसनच्या लेखी परीक्षेत मी एका गुणाने नापास झालो. ज्या प्रश्नाने मला पाडलं तो पार्किंग सेन्सरचा होता, आणि त्या काळात माझं पोट पार्किंग सेन्सरवरच चालत होतं. बंपरमध्ये बसणारी ती लहान गोल बटणं नीट ऐकतात की नाही हे तपासायचं, हेच माझं स्टुटगार्टमधलं काम. बायको त्याच दिवशी, त्याच खोलीत, पहिल्या फटक्यात पास झाली. सेन्सर आतून कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. तिने फक्त प्रश्न नीट वाचला होता.

पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला परीक्षा कशाला, असं इथे नवा आलेला प्रत्येक मराठी माणूस विचारतो. जर्मनीत राहायला आल्यानंतर भारतीय लायसन सहा महिने चालतं. पुढे चालवायचं तर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आधीचं लायसन असल्यामुळे वर्गात बसण्याची सक्ती नसते, एवढीच काय ती सूट. लेखी परीक्षा संगणकावर होते आणि ती जर्मनबरोबर इंग्रजी, तुर्की, अरबी अशा बारा परदेशी भाषांतही देता येते. मराठी अर्थातच नाही, हिंदीही नाही.

मोटारीच्या लायसनसाठी ३० प्रश्न असतात. इथे गुण मिळवायचे नसतात, चुकीचे गुण साठू द्यायचे नसतात. एकेका प्रश्नाला २ ते ५ दंडगुण. बेरीज १० पर्यंत चालते, ११ झाली की नापास. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० असूनही नापास. आणि खरी मेख अशी की एका प्रश्नाची एक, दोन किंवा तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. सगळी बरोबर उत्तरं निवडायची, चुकीचं एकही नाही. अर्ध्या उत्तराला अर्धे गुण हा प्रकारच नाही.

माझा प्रश्न साधारण असा होता: पार्किंगला मदत करणारी यंत्रणा वापरताना काय लक्षात ठेवाल? पर्याय तीन. बारीक खांब यंत्रणेला कदाचित कळणार नाहीत. सेन्सर मळलेले असतील तर यंत्रणा नीट चालणार नाही. यंत्रणा चालू असली की मागे पाहायची गरज नाही. तिसरा पर्याय खोटा हे शेंबडं पोरही सांगेल. दुसरा खरा. पहिल्यापाशी मी थांबलो आणि मनात म्हटलं, छे, खांब तर कळतो. आम्ही प्रयोगशाळेत रोज खांबच समोर धरतो. मी पहिला पर्याय सोडून दिला. तीन दंडगुण. आधीचे आठ होतेच.

आमचा प्रयोगशाळेतला तो खांब म्हणजे ७५ मिलिमीटर जाडीचा, मीटरभर उंचीचा सरळ उभा पाइप. या यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात चाचणीसाठी तोच ठरलेला आहे. माझा सेन्सर तो पाइप पाहतो, यात शंका नाही. पण परीक्षेने मला मानकातल्या पाइपाबद्दल विचारलंच नव्हतं. रस्त्यावर जे असतं आणि मानकात नसतं, त्याबद्दल विचारलं होतं. मदतनीस यंत्रणांवरच्या या प्रश्नांचा रोख जवळजवळ नेहमी तिकडेच असतो: यंत्र काय करतं यापेक्षा त्याला काय कळत नाही, आणि का.

त्यातलं ‘का’ समजलं की पाठांतराची गरज राहत नाही. म्हणून आधी त्या बटणापाशीच थोडं थांबू.

पार्किंग सेन्सर पाहत नाही, ऐकतो. गाडी रिव्हर्सला टाकली की मागच्या बंपरमधल्या चार सेन्सरमधली पातळ चकती क्षणभर थरथरते आणि सेकंदाला सुमारे ५० हजार कंपनांचा आवाज सोडते. माणसाच्या कानाची धाव २० हजारांपर्यंत, त्यामुळे आपल्याला काही ऐकू येत नाही. मग तीच चकती गप्प बसून प्रतिध्वनीची वाट पाहते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भिंत एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे जेमतेम सहा मिलिसेकंद. त्या वेळावरून अंतर निघतं आणि अंतरावरून बीप ठरते. बहुतेक गाड्यांत ३० सेंटिमीटरच्या आसपास बीप सलग होते. त्याच्याही फार आत सेन्सरला मोजताच येत नाही, कारण घंटेवर टोल दिल्यावर ती जशी घुमत राहते तशी ही चकतीही थोडा वेळ घुमते, आणि अगदी जवळचा प्रतिध्वनी त्या घुमण्यात बुडून जातो.

यावरून मर्यादा आपोआप निघतात. प्रतिध्वनी परत आला नाही, तर सेन्सरच्या लेखी समोर काही नाहीच. सपाट भिंत आवाज सरळ परत पाठवते. तिरपा पत्रा तो भलतीकडे वळवतो. अंगणाच्या फाटकाला लावलेली साखळी, तारेचं कुंपण, काठीएवढा खांब यांच्यावरून परत येणारा आवाज फारच क्षीण असतो. जाड लोकरीचा कोट आवाज पिऊन टाकतो, आणि जर्मनीत चार महिने लहान मुलं तसल्याच कोटात असतात. चिखल किंवा बर्फाचा थर चकतीवर बसला की तिचं थरथरणंच बदलतं, मग यंत्र एक तर विनाकारण ओरडतं किंवा बहिरं होतं. ट्रकच्या ब्रेकमधून हवा सुटताना होणाऱ्या फुसकाऱ्यातही याच पट्टीतला आवाज असतो. त्यामुळे शेजारी ट्रक थांबला की मोकळ्या जागेतही बीप वाजू शकते.

पण गाडीच्या बंपरला जास्तीत जास्त पोचे ज्यामुळे पडतात ती मर्यादा वेगळी आहे. ती कागदावर काढून पाहिल्याशिवाय पटत नाही.

समजा, सेन्सर जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे. त्याचा आवाज सगळीकडे पसरत नाही. आडवा बराच पसरतो, उभा मात्र कमी. खालच्या बाजूला तो ३० अंशांच्या उतारापर्यंत जातो असं धरू. बंपरपासून निघालेली ही उतरती कड सुमारे ८७ सेंटिमीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे त्यापलीकडे जमिनीपासून वरचं सगळं ऐकू येतं. त्याच्या अलीकडे मात्र गाडीच्या मागे पाचरीच्या आकाराचा एक बहिरा भाग आहे. आता तिथे २५ सेंटिमीटर उंचीची कुंडी ठेवा. तुम्ही मागे येताय. दीड मीटरवरून बीप सुरू होते, एक मीटरवर वेग घेते. कुंडी ४३ सेंटिमीटरवर आली की तिचा काठ त्या उतरत्या कडेच्या खाली जातो. प्रतिध्वनी बंद, बीपही बंद. सलग आवाज ३० सेंटिमीटरला व्हायचा होता, पण तोवर कुंडी हिशेबातूनच बाद झालेली असते.

त्या क्षणी चालवणाऱ्याच्या मनात काय येतं? अडथळा गेला, वाट मोकळी झाली. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे चालण्याच्या वेगाने येणारी गाडी ते ४३ सेंटिमीटर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात कापते. पुढे येतो तो कुंडी फुटल्याचा आवाज, आणि तो ऐकायला सेन्सर लागत नाही. चांगल्या यंत्रणा ‘आत्ता होतं ते एकदम कुठे गेलं’ हे लक्षात ठेवून काही क्षण बीप चालू ठेवतात. सगळ्या ठेवत नाहीत. कर्बचा उंच दगड, बुटका खांब, ट्रेलरचा दांडा, रांगणारं मूल, सगळ्यांचं भूमितीचं गणित एकच आहे. याच्या उलट टोकाला ट्रकच्या मागचा वर लटकणारा फळा. तो सेन्सरच्या वरून काचेपर्यंत येतो आणि खाली मात्र सगळं शांत असतं.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. म्हणजे ही बटणं आता पुण्या-नाशिकच्या प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांचं हे बहिरेपण सोबत आलंच.

लेनच्या इशाऱ्याकडे आता जरा भराभर जाऊ, कारण त्याचं यंत्र सोपं आहे. समोरच्या काचेवर, आरशाच्या मागे एक कॅमेरा असतो. तो काळ्या रस्त्यावर पांढरा पट्टा शोधतो आणि गाडी त्याच्याकडे सरकायला लागली की स्टिअरिंग थरथरवतो किंवा आवाज करतो. बहुतेक गाड्यांत हे ताशी ६० च्या आसपास चालू होतं. त्याखाली तो गप्प असतो, आणि गल्लीबोळात तो गप्प असणंच बरं.

मागच्या दिवाळीत पुण्याला आलो तेव्हा भावाने नवी गाडी घेतली होती. एक्सप्रेसवेवर ती सारखी कोकलत होती. ‘‘दादा, ह्या गाडीला वेडच लागलंय,’’ असं म्हणून त्याने बटण दाबून इशारा बंद केला. गाडी शहाणी होती. भाऊ प्रत्येक वेळी इंडिकेटर न देता लेन बदलत होता. इंडिकेटर दिला की यंत्र समजतं, मालक मुद्दाम जातोय, आणि तोंड मिटतं. न दिला तर त्याला एकच अर्थ कळतो: चालवणाऱ्याला डुलकी लागली. जर्मन परीक्षेतही याच गाठीवर प्रश्न असतो. हा इशारा नकळत लेन सुटण्याबद्दल आहे, आणि ‘नकळत’ हे यंत्र फक्त इंडिकेटरवरून ठरवतं. मागून दुसरी गाडी येतेय का, हे त्याला अजिबात माहीत नसतं. इंडिकेटर देऊन तुम्ही थेट ट्रकसमोर गेलात तरी हा इशारा चकार शब्द काढणार नाही. त्या कामासाठी वेगळी यंत्रणा लागते.

कॅमेऱ्याच्या अडचणी डोळ्यांच्या अडचणींसारख्याच: झिजलेले पट्टे, धुकं, बर्फ, समोरून येणारं मावळतीचं ऊन, पावसाळी रात्री चकाकणारा रस्ता. रस्त्याची भेग डांबराने सांधलेली असेल तर ती लांबट चकाकती रेघही त्याला पट्टा वाटू शकते. पण सगळ्यात मजेदार अडचण खास इथली आहे. जर्मनीत महामार्गावर काम चालू असलं की पिवळे तात्पुरते पट्टे मारतात, आणि कायदा सांगतो की पिवळे असतील तिथे पांढरे नाहीतच असं समजायचं. पांढरे मात्र खाली तसेच राहतात. माणूस हे एकदा शिकतो आणि मोकळा होतो. कॅमेऱ्यासमोर एकमेकांना छेदणाऱ्या दोन लेन असतात, आणि ज्या गाड्या नुसता इशारा न देता स्टिअरिंगही हलकेच ओढतात, त्या कधी कधी जुन्या पांढऱ्या पट्ट्याकडे ओढू लागतात. अशा कामाच्या जागी डावी लेन जेमतेम गाडीपुरती असते. तिथे हात स्टिअरिंगवर घट्ट हवेत, हे उत्तर मी न चुकता दिलं होतं.

राहिला क्रूझ कंट्रोल. इथे लोक त्याला ‘टेम्पोमाट’ म्हणतात. तो शोधला राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने, आणि हा माणूस लहानपणापासून अंध होता. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत ही यंत्रणा आली. ज्याने कधी गाडी चालवली नाही त्याला पायाची धरसोड सगळ्यात जास्त जाणवली, याचं मला नवल वाटत नाही.

साधा क्रूझ फक्त वेग धरतो. पुढे कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. वळण आलं, पाऊस लागला, रस्ता निसरडा झाला, तरी तो ठरलेला आकडा राखायला इंजिनाला रेटत राहतो. तिथे माणसाचा पाय आपोआप सैल झाला असता. म्हणून ओल्या, बर्फाळ किंवा गर्दीच्या रस्त्यावर तो वापरू नये, हे उत्तर कुणाचं चुकत नाही. चूक होते ती त्याच्या धाकट्या भावाबाबत. तो पुढच्या गाडीपासून अंतरही राखतो, आणि त्यामुळे त्याला सगळं दिसतं असा आपला समज होतो.

हा धाकटा भाऊ रडारने पाहतो. रडारला समोरच्या वस्तूचं अंतर कळतं आणि तिचा वेगही थेट कळतो. पुढे चालणारी गाडी त्याला उत्तम समजते. गोची होते ती उभ्या वस्तूंची. रस्त्यावर उभं काय काय असतं? पाटी, कठडा, पूल, रस्त्यातलं लोखंडी झाकण. या सगळ्यांवरून रडारला प्रतिध्वनी येतो. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर मागचे लोक आपल्यावर येऊन आदळतील. म्हणून जुन्या यंत्रणा उभ्या वस्तूंकडे सरळ काणाडोळा करायच्या. नव्या यंत्रणा रडारला कॅमेऱ्याची जोड देऊन ‘ही उभी गाडी आहे’ हे बऱ्याचदा ओळखतात, पण जास्त वेगात त्यावर विसंबू नका असं गाडीच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. ती पुस्तिका कोण वाचतं!

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे म्हातारे शिक्षक फळ्यावर एक प्रसंग काढायचे. ऑटोबानवर ताशी १३० ने चाललो आहोत. पुढे ६५ मीटरवर एक व्हॅन आहे, आणि क्रूझ तिच्यामागे छान चालला आहे. (६५ हा आकडा उगाच नाही. वेगाच्या निम्मे मीटर अंतर ठेवा, असा इथला सर्वांना पाठ असलेला ठोकताळा आहे.) अचानक व्हॅन शेजारच्या लेनमध्ये जाते. तिच्यापुढे १०० मीटरवर वाहतूक कोंडीची शेपूट: गाड्या ठप्प उभ्या. म्हणजे तुमच्यापासून १६५ मीटर.

१३० म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. तुम्ही जागे असाल तर ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे ३६ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारला तर पुढच्या साधारण ८१ मीटरमध्ये गाडी उभी राहते. एकूण ११७ मीटर. वाचलात, वर बरीच जागाही उरली. आता क्रूझच्या भरवशावर राहा, आणि रडारने उभी रांग त्याच क्षणी ओळखली असंही धरून चाला. आरामासाठी बनवलेल्या या यंत्रणेला जास्त वेगात पूर्ण ब्रेक मारण्याची परवानगीच नसते. आंतरराष्ट्रीय मानकाने तिचा हात बांधला आहे: दर सेकंदाला वेग फार तर साडेतीन मीटर प्रतिसेकंद एवढाच कमी करायचा. पूर्ण ब्रेकच्या निम्म्याहून कमी. या हिशेबाने थांबायला १८६ मीटर लागतात आणि तुमच्याकडे आहेत १६५. आदळताना वेग अजून ताशी चाळिसाच्या वर असेल.

‘‘पण तातडीचा ब्रेक मारणारी यंत्रणा असतेच की,’’ असं मी वर्गात म्हणालो. असते. २०२४ च्या जुलैपासून युरोपीय संघात नोंदणी होणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची आहे, उलट्या दिशेचं आणि लेनचं भान राखणाऱ्या यंत्रणांसोबत. ती शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक मारते. धडक सौम्य करते, कधी टाळते. शिक्षकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तुम्ही व्हॅनच्या काचेतून पुढचे लाल दिवे आधीच पाहिले असते. रडारला व्हॅन चालते आहे एवढंच माहीत होतं.’’ फळ्यावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा बसलो. या वेळी उलट्या प्रकारची फसगत समोर आली, आणि ती सांगायलाच हवी. एकदा ठेच लागलेला उमेदवार ठरवतो की यंत्रणेबद्दल जे जे चांगलं लिहिलंय ते खोटं. तेही चुकतं. अंतर राखणारा क्रूझ चालवणाऱ्याचा ताण कमी करतो का, असं विचारलं तर उत्तर ‘हो’ आहे. ताण कमी झाल्यामुळे लक्ष भरकटू शकतं का, तेही ‘हो’. दोन्हींवर खूण करायची. ‘नेहमी’, ‘पूर्णपणे’, ‘गरज नाही’ असले शब्द दिसले की पर्याय खोटा, हा क्लासवाल्यांचा मंत्र बऱ्याचदा चालतो. पण प्रत्येक पर्यायापाशी थांबून ‘हे यंत्र कशाने पाहतं?’ एवढं विचारलं तर मंत्र लागत नाही. आवाजाने, कॅमेऱ्याने की रडारने? उत्तर त्यातच असतं. मी चार दंडगुणांवर पास झालो. ते चार एका उजवीकडच्या गाडीला वाट देण्याच्या प्रश्नावर गेले, म्हणजे पुणेकराच्या जुन्या दुखण्यावर.

तुमच्या गाडीला मागे सेन्सर असतील तर येत्या रविवारी एक काम करा. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, हँडब्रेक ओढा आणि गियर रिव्हर्सला टाका. घरातल्या कुणाला तरी फूटभरापेक्षा कमी उंचीचा रिकामा रंगाचा डबा जमिनीवरून काठीने हळूहळू बंपरकडे सरकवायला सांगा. बीप सुरू होईल, वाढेल, आणि बहुधा एका जागी एकदम थांबेल. तिथे जमिनीवर खडूने रेघ मारा आणि टेपने अंतर मोजा. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळणार नाही.